छोट्या मल्टिप्लेअर गेमसाठी सर्व्हर घ्यायचा की प्लेअरच्याच मशीनवर चालवायचं? महिन्याला हजार रुपयांत बसवायचं असेल तर असं ठरवा

गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारी दोन मुलं माझ्याकडे एक गेम घेऊन आली होती. गोडो या गेम इंजिनमध्ये बनवलेला, चार जणांचा, अँड्रॉइड आणि पीसी दोन्हीवर चालणारा, आणि त्यात दोन मोड. एक रापणीचा, चौघांनी मिळून किनाऱ्यावरनं जाळं ओढायचं, दोरी सगळ्यांनी एका तालात खेचली नाही तर मासे निसटतात. दुसरा दोन विरुद्ध दोन फुटबॉल, त्याला रँकिंग. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "दादा, डेडिकेटेड सर्व्हर घेऊ की पीअर-टू-पीअर करू? महिन्याला हजार रुपयांच्या वर नाही जमणार." हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि उत्तर बहुतेक वेळा दोन्हीच्या मधलं कुठलंतरी निघतं, म्हणून त्यांच्या गेमचं जसं ठरवलं तसंच पायरी पायरीने लिहितोय. तुमचे आकडे वेगळे असतील पण हिशोब करायची रीत हीच.

पायरी 1: आधी दोन शब्दांचा गोंधळ मिटवा

पीअर-टू-पीअर म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे खरा मेश, प्रत्येक प्लेअर प्रत्येकाशी थेट जोडलेला. दुसरी म्हणजे चौघांतला एक जण होस्ट होतो, त्याच्याच फोनवर किंवा पीसीवर गेमचा सर्व्हर चालतो आणि बाकीचे तिघे त्याला जोडतात, याला लिसन सर्व्हर म्हणतात. नवीन माणसाने मेशच्या नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चार जणांच्या मेशमध्ये 6 जोडण्या लागतात, आठ जणांच्यात 28. समजा तुमच्या प्लेअरांपैकी कुठल्याही दोघांची थेट जोडणी दहापैकी नऊ वेळा जमते, तर सहाच्या सहा जमण्याची शक्यता 0.9 चा सहावा घात, म्हणजे साधारण 53 टक्के, म्हणजे जवळपास निम्म्या मॅच सुरूच होणार नाहीत. आठ जणांना तर हे 5 टक्क्यांवर येतं. लिसन सर्व्हरला चौघांसाठी तीनच जोडण्या पुरतात म्हणून तो 73 टक्क्यांपर्यंत जातो, तेही पुरेसं नाहीच पण निदान दुरुस्त करता येतं, कसं ते पुढे येईल.

शिवाय मेशमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा आयपी ॲड्रेस कळतो, आणि अनोळखी लोकांबरोबर खेळायचा गेम असेल आणि त्यात शाळेतली मुलं असतील तर हे मला अजिबात पटत नाही.

म्हणजे खरी निवड अशी आहे: गेमचा सर्व्हर एका प्लेअरच्या मशीनवर चालवायचा, की तुम्ही भाड्याने घेतलेल्या मशीनवर, म्हणजेच डेडिकेटेड सर्व्हरवर.

पायरी 2: होस्टने फसवलं किंवा होस्ट गेला, तर काय बिघडतं ते लिहून काढा

पैशांचा हिशोब करायच्या आधी हे करा. ज्याच्या मशीनवर सर्व्हर चालतो त्याच्या हातात सगळं सत्य असतं, बॉल कुठे आहे, गोल झाला की नाही, वेळ किती उरला, हे सगळं त्याच्या मेमरीत. मेमरी बदलायची टूल्स सहज मिळतात. त्याने न फसवताही त्याला फायदा असतोच कारण त्याला पिंग शून्य आणि बाकीच्यांना नेटवर्कचा उशीर.

रापणीच्या मोडमध्ये याने काही बिघडत नाही. सगळे एकाच बाजूचे, होस्टने जास्तीचे मासे काढले तर तिघांचा फायदाच, रँकिंग नाही. दोरीचा ताल पकडायला अर्ध्या सेकंदाची खिडकी ठेवलेली, त्यामुळे शंभर-दीडशे मिलिसेकंदांचा उशीर जाणवतही नाही. फुटबॉलमध्ये मात्र उलटं, एकदा का वरच्या दहातला कोणी होस्ट बनून फसवतोय असं लोकांच्या लक्षात आलं की रँकिंगला अर्थच उरत नाही. त्यामुळे मोड बघून ठरवायचं, अख्ख्या गेमला एकच उत्तर द्यायची गरज नाहीये.

होस्ट जाण्याबद्दल एक गोष्ट मोबाइलवाल्यांनी नीट समजून घ्या. खेळता खेळता होस्टला फोन आला, त्याने उचलला, की अँड्रॉइड तुमचं ॲप मागे ढकलतं आणि गेमचा लूप थांबतो, म्हणजे सर्व्हरच थांबतो. उरलेल्या तिघांच्या स्क्रीनवर सगळं जागच्या जागी गोठतं आणि काही सेकंदांनी जोडणी तुटते. पीसीवर एकट्याने टेस्ट करताना हे कधीच दिसत नाही. यावर होस्ट मायग्रेशन नावाचा उपाय आहे, म्हणजे होस्ट गेला की दुसरा प्लेअर सर्व्हर बनतो, पण ते नीट करायला खूप काम लागतं आणि बग्स सापडत राहतात. या मुलांना मी सांगितलं की रापणीची फेरी चार मिनिटांची आहे, होस्ट गेला तर तेवढीच फेरी परत सुरू करा, आत्तापर्यंतचे मासे मात्र प्रत्येक क्लायंटवर दर पाच सेकंदांनी लिहून ठेवा म्हणजे ते जाणार नाहीत. आणि चौघांत कोणी पीसीवर असेल तर होस्ट त्यालाच करा. तुमची मॅच चाळीस मिनिटांची असेल तर हा उपाय चालणार नाही, तिथे डेडिकेटेडच्या बाजूला पारडं झुकतं.

पायरी 3: थेट जोडणी का जमत नाही ते आपल्या इथल्या नेटवर बघा

घरचा राउटर तुमच्या सगळ्या डिव्हाइसना एका बाहेरच्या आयपीमागे लपवतो, त्याला नॅट म्हणतात. बाहेरून अचानक आलेलं पॅकेट कोणाला द्यायचं ते त्याला कळत नाही म्हणून तो टाकून देतो. यावरची युक्ती म्हणजे होल पंचिंग: दोघेही आधी एका तिसऱ्या मशीनला विचारतात की "मी बाहेरून कुठल्या आयपी आणि पोर्टवर दिसतोय", मग ते पत्ते एकमेकांना देऊन दोघेही एकाच वेळी पॅकेट पाठवायला लागतात, की दोन्ही राउटरांना वाटतं हे तर आतूनच सुरू झालेलं संभाषण, येऊ दे. हे विचारायची जी पद्धत आहे तिला स्टन म्हणतात.

हे फसतं कधी? जेव्हा नॅट प्रत्येक वेगळ्या पत्त्यासाठी वेगळा पोर्ट वापरतो. तिसऱ्या मशीनला दिसलेला पोर्ट वेगळा आणि मित्रासाठी उघडलेला पोर्ट वेगळा, त्यामुळे मित्राची पॅकेट चुकीच्या दारावर येतात. याला सिमेट्रिक नॅट म्हणतात. आपल्याकडे मोबाइल डेटावर तर कंपनीचाच एक मोठा नॅट मध्ये असतो, हजारो ग्राहक एका आयपीमागे, त्याला सीजीनॅट म्हणतात, आणि पुष्कळ घरगुती फायबरवरही तोच असतो. ओळखायचं असं: राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा, तो 100.64 ते 100.127 मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. तो आकडा वेगळा असला तरी ब्राउझरमध्ये "माझा आयपी" शोधल्यावर येणाऱ्या आकड्याशी जुळत नसेल तरी तेच. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंग करा म्हणून प्लेअरला सांगण्यात काहीच अर्थ नाही, त्याच्या राउटरवर केलं तरी पुढचा नॅट कंपनीकडे आहे.

टेस्ट करताना एकाच वायफायवर दोन फोन ठेवून "चालतंय" म्हणू नका, तिथे नॅट मध्ये येतच नाही. निदान एवढे जोड करून बघा: फायबर आणि मोबाइल डेटा, दोन वेगळ्या कंपन्यांचे मोबाइल डेटा, आणि कॉलेज किंवा हॉस्टेलचं वायफाय. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा कारण अशा ठिकाणी पुष्कळदा यूडीपीच बंद केलेलं असतं, मग होल पंचिंग काय आणि डेडिकेटेड सर्व्हर काय, यूडीपीवरचं काहीच चालत नाही आणि टीसीपी 443 वरून जाणारा एखादा रस्ता ठेवावाच लागतो.

अजून एक समज असतो की दोघेही गोव्यातले आहेत तर थेट जोडणी फास्टच असणार. एक जण म्हापशात एका कंपनीच्या फायबरवर आणि दुसरा फोंड्यात दुसऱ्या कंपनीच्या सिमवर असेल तर पॅकेट बहुतेक वेळा मुंबईला किंवा बंगळुरूला जाऊन परत येतं कारण दोन कंपन्यांची नेटवर्क तिथे भेटतात. म्हणजे सर्व्हर मुंबईत किंवा बंगळुरूत ठेवला तर अंतराच्या दृष्टीने फार काही गमावत नाही. अंदाजावर जाऊ नका, दोन्हीकडून मोजा:

```
mtr -rwc 50 सर्व्हरचा-आयपी
```

यात शेवटच्या ओळीतला सरासरी उशीर आणि लॉस, म्हणजे किती टक्के पॅकेट हरवली ते, बघायचं. मधल्या एखाद्या ओळीत लॉस दिसला आणि शेवटच्या ओळीत नसेल तर घाबरू नका, मधले राउटर असल्या पॅकेटना उत्तर देण्याचा कंटाळा करतात एवढंच.

पायरी 4: रिलेचा हिशोब, इथे बहुतेक जण फसतात

थेट जोडणी जमली नाही की मध्ये एक रिले ठेवतात, सगळ्यांची पॅकेट त्याच्याकडे जातात आणि तो पुढे पाठवतो. स्वतःचा चालवायचा तर टर्न पद्धतीचा `coturn` आहे, फुकट आणि चांगला. मग लोक म्हणतात, "म्हणजे डेडिकेटेडचा खर्च वाचला." नाही वाचत, आणि हे आकड्यांत बघितल्याशिवाय पटत नाही म्हणून फुटबॉलचंच उदाहरण घेतो.

चार प्लेअर आणि एक बॉल, पाच वस्तू. प्रत्येकीची जागा, वेग, दिशा नीट बांधली तर 16 बाइटमध्ये बसते, म्हणजे 80 बाइट. त्यावर आयपी आणि यूडीपीचे हेडर 28 बाइट आणि गोडो नेटवर्कसाठी वापरतं त्या एनेट लायब्ररीचे थोडे, एकूण 120 धरू. सेकंदाला 20 वेळा पाठवलं तर एका क्लायंटला 2,400 बाइट. प्लेअरकडून उलट येणारं इनपुट छोटं असतं, 60 बाइटचं धरलं तर सेकंदाला 1,200.

आता डेडिकेटेड सर्व्हर चौघांना पाठवतो, म्हणजे बाहेर जाणारा डेटा सेकंदाला 9,600 बाइट. आणि प्लेअर होस्ट आहे पण सगळे तुमच्या रिलेमार्फत जोडलेत, तर रिले तिघांना 2,400 देतो आणि तिघांचं इनपुट होस्टला देतो, एकूण 10,800. म्हणजे रिलेचा डेटा डेडिकेटेडपेक्षा थोडा जास्तच! वर उशीरही वाढला, कारण प्लेअरचं पॅकेट आधी रिलेकडे, मग होस्टकडे, उत्तर परत रिलेकडे आणि मग प्लेअरकडे. तुमचा वाचतो तो फक्त सीपीयू आणि रॅम, गेमचं सिम्युलेशन होस्ट करतो म्हणून. त्यामुळे सगळ्यांनाच स्वतःच्या रिलेवर टाकायचं असेल तर सरळ डेडिकेटेड करा, फसवाफसवीचा प्रश्नही सुटतो.

रिले परवडतो तो दोन वेळा. एक, तो फक्त ज्यांची थेट जोडणी जमली नाही त्यांच्यापुरता असेल तेव्हा. दोन, तो दुसरं कोणीतरी फुकट देत असेल तेव्हा: गेम स्टीमवर असेल तर व्हॉल्व्हचं रिले नेटवर्क वापरता येतं, आणि एपिक ऑनलाइन सर्व्हिसेसची पीअर-टू-पीअर सेवा गेम त्यांच्या स्टोअरवर नसला तरी फुकट वापरता येते, मोबाइलवरही. दोन्हीत प्लेअरांचे आयपी एकमेकांपासून लपवता येतात हा अजून एक फायदा. रापणीच्या मोडला आम्ही हाच रस्ता धरला. वेगळी एसडीके जोडायला काही दिवस जातात आणि ती पुढे अपडेट करत राहावी लागते, तेवढं धरून चाला.

पायरी 5: डेडिकेटेडचं बिल काढा, भीतीने नाही, आकड्याने

वरच्या हिशोबाने एक रूम, म्हणजे चौघांची एक मॅच, तासाला साधारण 35 एमबी डेटा बाहेर पाठवते. मुलांचा अंदाज होता की रोज 300 जण अर्धा अर्धा तास खेळतील, म्हणजे दिवसाला 150 प्लेअर-तास, चारने भागले तर साडेसदतीस रूम-तास, महिन्याला 1,125. त्याला 35 एमबीने गुणलं तर महिन्याला 39 जीबीच्या आसपास. डिजिटलओशनच्या बंगळुरूतल्या सहा डॉलरच्या मशीनवर 1 जीबी रॅम आणि महिन्याला 1,000 जीबी डेटा मिळतो, त्यातला चार टक्केच डेटा लागला.

पण त्यांचा पहिला कोड असा नव्हता. त्यात सगळी माहिती डिक्शनरीत भरून जेसन करून सेकंदाला 60 वेळा पाठवत होते, एकेक पॅकेट हजार बाइटच्या आसपास. तोच हिशोब करा: 4 गुणिले 60 गुणिले 1,000, सेकंदाला 2,40,000 बाइट, रूमला तासाला 864 एमबी, महिन्याला 972 जीबी. पंचवीसपट, तेही तेवढ्याच प्लेअरांसाठी. सहा डॉलरच्या मशीनवर हे कसंबसं कोट्यात बसलं असतं, पण एडब्ल्यूएसच्या मुंबईत दर महिन्याचे पहिले 100 जीबी सोडले तर बाहेर जाणाऱ्या डेटाला जीबीमागे 11 सेंटच्या आसपास लागतात, म्हणजे नुसत्या डेटाचेच जवळपास 96 डॉलर. म्हणून मी म्हणतो की सर्व्हर कुठला घ्यायचा याच्या आधी तुमचं पॅकेट किती बाइटचं आहे आणि सेकंदाला किती वेळा जातं ते मोजा. मोजायला प्लेअरच्या फोनवर काही करायची गरज नाही, सर्व्हरवर एक रूम चालू ठेवून `iftop` लावा आणि बाहेर जाणारा आकडा बघा. तो किलोबिटमध्ये दाखवतो, आठने भागायला विसरू नका. वरच्या चांगल्या हिशोबाप्रमाणे एका रूमला भागायच्या आधी 77 केबीपीएसच्या आसपास दिसायला हवं.

डेटा सुटला की अडचण राहते रॅमची. 300 जण दिवसभर सारखे पसरून खेळत नाहीत, आपल्याकडे रात्री आठ ते अकरा सगळी गर्दी. 150 पैकी 60 टक्के तास त्या तीन तासांत धरले तर 90 भागिले 3, म्हणजे एका वेळी 30 प्लेअर, 8 रूम. आता एक रूम म्हणजे एक गोडो प्रोसेस, ती किती रॅम खाते ते असं बघायचं:

```
ps -C server.x86_64 -o pid,rss,pcpu,etime
```

(`server.x86_64` च्या जागी तुमच्या एक्स्पोर्टचं नाव.) `rss` किलोबाइटमध्ये येतो. समजा एका रूमचे 70 एमबी निघाले तर 8 रूमचे 560, सिस्टिमला दोन-अडीचशे, एका जीबीत बसतं पण फार मोकळं नाही. रूम दहा केल्या की काठावर. गोडोमध्ये डेडिकेटेड सर्व्हर म्हणून एक्स्पोर्ट करताना टेक्स्चर वगैरे गाळून टाकता येतात, ते नक्की करा, फरक पडतो. मशीनची रॅम संपली की लिनक्स एखादी प्रोसेस मारून टाकतं आणि प्लेअरला फक्त "कनेक्शन गेलं" एवढंच दिसतं, तुम्ही नेटवर शंका घेत बसता. खरं कारण इथे सापडतं:

```
sudo dmesg -T | grep -i "out of memory"
```

सीपीयूचं वेगळं. स्वस्त मशीनचा सीपीयू इतरांबरोबर वाटून घेतलेला असतो, त्यामुळे `top` मध्ये `st` चा आकडा वाढलेला दिसला तर शेजारचं कोणीतरी मशीन वापरतंय आणि तुमचा टिक, म्हणजे सर्व्हरची गेम एक पाऊल पुढे सरकवायची फेरी, उशिरा होतोय. सेकंदाला 20 टिक म्हणजे एकाला 50 मिलिसेकंद, एखादा टिक त्याच्या वर गेला की लॉगमध्ये एक ओळ लिहायची सोय सुरुवातीलाच करून ठेवा. रोज संध्याकाळी अशा ओळी यायला लागल्या तर मोठं मशीन घ्यायची वेळ आली, एरवी कितीही वाटलं तरी घेऊ नका.

पैसे: सहा डॉलर अधिक 18 टक्के जीएसटी, सध्याच्या दराने सहाशे-साडेसहाशे रुपये. हजारात बसलं. कोटा ओलांडला तर तिथे जीबीमागे एक सेंट लागतो. नवीन माणसाने असं ठरलेल्या किमतीचंच मशीन घ्यावं, लागेल तसं आपोआप वाढणाऱ्या सेवा नकोत, कारण तिथे बिलाचा अलर्ट येतो पण सेवा काही थांबत नाही आणि कोडमधल्या एका लूपच्या चुकीने रात्रभरात महिन्याचं बजेट उडू शकतं.

पायरी 6: एकच कोड दोन्हीकडे चालेल असा लिहा

हे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. क्लायंटने फक्त इनपुट पाठवायचं, "उजवीकडे पळतोय, किक मारली", आणि निर्णय सर्व्हरनेच घ्यायचा, मग तो सर्व्हर प्लेअरच्या फोनवर असो की बंगळुरूत. असं केलं की मोड बदलणं म्हणजे नुसतं कुठे चालवायचं ते बदलणं. गोडो 4 मध्ये एवढंच:

```gdscript
func start_server(port: int, max_clients: int):
    var peer = ENetMultiplayerPeer.new()
    var err = peer.create_server(port, max_clients)
    if err != OK:
        push_error("server: %s" % err)
        return
    multiplayer.multiplayer_peer = peer

func _ready():
    if DisplayServer.get_name() == "headless":
        start_server(7777, 4)
```

प्लेअर होस्ट असेल तेव्हा `max_clients` 3 द्यायचा कारण होस्ट स्वतः त्यात मोजला जात नाही. आणि होस्ट प्लेअर असेल तर सर्व्हरचा आयडी, म्हणजे 1, हा खेळणाराही असतो, डेडिकेटेडमध्ये आयडी 1 खेळत नाही. हे विसरलात की डेडिकेटेडवर मैदानाच्या मधोमध एक कोणाचाच नसलेला खेळाडू उभा दिसतो, या मुलांच्या गेममध्येही तो दिसत होता. प्लेअर तयार करताना "मी हेडलेस, म्हणजे स्क्रीनशिवाय चालणारा सर्व्हर आहे का" एवढी एक अट घातली की जातो.

सर्व्हरवर चालवायचं ते असं, आणि पोर्ट यूडीपीचा उघडायचा:

```
sudo ufw allow 7777:7786/udp
./server.x86_64 --headless
```

एकापेक्षा जास्त रूम चालवायच्या तर प्रत्येक प्रोसेसला वेगळा पोर्ट द्यायचा, वरच्या कोडमधला 7777 कमांडलाइनवरून घ्यायचा. काहीच जोडत नसेल तर पहिल्यांदा हेच तपासा, सवयीने लोक `/tcp` लिहितात, एनेट पूर्ण यूडीपीवर आहे. मशीनवर उघडूनही जमलं नाही तर होस्टिंगच्या पॅनेलमध्ये वेगळी फायरवॉल असते, तिथेही उघडावा लागतो. आणि सर्व्हर नुसता एसएसएचच्या खिडकीत चालू ठेवू नका, पावसात इथे वीज गेली, तुमचं नेट गेलं की ती खिडकी बंद आणि सर्व्हरही बंद. `systemd` ची सर्व्हिस करून त्यात `Restart=always` ठेवा.

पायरी 7: लॉन्चच्या आधी नेट मुद्दाम खराब करून बघा

लिनक्सच्या मशीनवर 80 मिलिसेकंद उशीर, त्यात 20 मिलिसेकंदांचा कमी-जास्तपणा आणि 2 टक्के लॉस असा:

```
sudo tc qdisc add dev eth0 root netem delay 80ms 20ms loss 2%
sudo tc qdisc del dev eth0 root
```

दुसरी ओळ पूर्ववत करायची. `eth0` च्या जागी तुमचं इंटरफेस, `ip a` ने कळेल. हे घरच्या टेस्ट मशीनवर करा, भाड्याच्या मशीनवर केलंत तर तुमचं स्वतःचं लॉगिनही तेवढंच अडखळेल. या नेटवर फुटबॉल खेळून बघा, किक मारल्यावर बॉल हलायला वेळ लागतोय असं वाटलं तर ते सर्व्हरच्या जागेमुळे नाही, क्लायंटवर प्रेडिक्शन नाही म्हणून, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता क्लायंट अंदाजाने लगेच हालचाल दाखवत नाही म्हणून. मोठं मशीन घेऊन ते सुधारणार नाही, होस्ट बदलूनही नाही.

शेवटी त्यांचं ठरलं ते असं. रापण प्लेअरच्या मशीनवर, फुकट रिलेवर. फुटबॉल बंगळुरूतल्या सहा डॉलरच्या एका मशीनवर, जास्तीत जास्त 8 रूम, नववी आली तर "थोडं थांबा, रूम मोकळी झाली की घेतो" असा मेसेज आणि तोवर रापण खेळायचं बटण. रूम कोड देणारा छोटा प्रोग्रॅमही त्याच मशीनवर, त्याला दहा-वीस एमबीच लागतात. मित्रामित्रांत रँकिंगशिवाय फुटबॉल खेळायचा असेल तर तोही प्लेअर होस्टवर, कोड तोच असल्यामुळे वेगळं काही लिहावं लागलं नाही. नववी रूम आठवड्यातून बऱ्याचदा मागितली जायला लागली की 2 जीबीचं मशीन घ्यायचं, दर तेव्हा बघून. म्हणून "रूम नाही" हा मेसेज किती वेळा दाखवला ते मोजायचा एक काउंटर तेवढा आत्ताच घालून ठेवायला सांगितलाय.